‘असू दे, असू दे’च्या पुढे काय म्हणायचं?

नमस्कार, श्रोतेहो. दसऱ्याच्या संध्याकाळी नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी मोठ्याआई दिवाणावर बसतात, पाय खाली जमिनीला टेकवून. मोठ्याआई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या वहिनी. वय चौऱ्याऐंशी. दारात चपलांचा ढीग पडायला लागतो, हातात आपट्याची पानं घेऊन माणसं येतात, आणि दर दोन मिनिटांनी कोणी ना कोणी आई आपल्या पोराला पुढे ढकलते, “अरे, पाया लाग ना मोठ्याआईच्या!” पुण्याकडे ‘पाया पड’ म्हणतात, आपल्याकडे ‘पाया लाग’. मला आपलंच बरं वाटतं. त्यात पडणं नाही, स्पर्श आहे.

कधी लागायचं, याबद्दल मोठ्याआईंचे दोन-तीन नियम आहेत. त्या आडव्या असतील तर थांबायचं. निजलेल्या माणसाच्या पायांना हात लावतात तो शेवटचा, म्हणून त्या आधी उठून बसतात. सुतकात नमस्कार नाही. आणि त्या जेवत असतील तर मुळीच नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, “उष्टा हात तुझ्या डोक्यावर ठेवू का?” म्हणजे नमस्कार वाकणाऱ्याच्या बाजूनं पुरा होत नाही. डोक्यावर हात आणि तोंडी शब्द, हे दोन्ही पडले की पुरा होतो.

आता गंमत अशी की ते शब्दच हल्ली अडतात. माझ्या वयाची माणसं एकदम मागे सरकत “असू दे, असू दे” म्हणतात आणि तिथंच थांबतात. मोठ्याआई थांबत नाहीत. एका दसऱ्याला मी शेजारी बसून नुसतं ऐकत होते, ते आज सांगते.

पहिला आला बारावीतला नातू. चालता चालता गुडघ्याला हात लावून सटकत होता. मोठ्याआईंनी मनगट धरलं. “गुडघा दुखतोच आहे माझा, त्याला कशाला नमस्कार? खाली वाक.” वाकल्यावर म्हणाल्या, “औक्षवंत हो. यशस्वी हो.” आधी आयुष्य, मग परीक्षा. हा क्रम त्यांनी कधी उलटा केलेला मी ऐकला नाही.

मग नवी सून आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन वाकली. सहा महिन्यांपूर्वी हिच्याच लग्नपत्रिकेत नावाआधी ‘चि. सौ. कां.’ छापलं होतं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा असलेली. बघा, नावाला चिकटलेली ती अक्षरंसुद्धा अर्धा आशीर्वादच आहेत. मोठ्याआईंच्या स्वतःच्या लग्नात त्यांना ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद मिळाला होता. आठ मुलगे! त्यातलं ‘अष्टपुत्रा’ कधी गळून पडलं ते कोणाला कळलंही नाही. ‘अखंड सौभाग्यवती’ मात्र टिकून आहे, आणि बहुतेक जण तो न ऐकताच म्हणतात. शब्द सुनेच्या डोक्यावर, मागितलेलं आयुष्य नवऱ्याचं. मोठ्याआई म्हणाल्या, “सौभाग्यवती हो. आणि तूही शंभर वर्षं जग.” दुसरं वाक्य त्यांनी केव्हा जोडलं, माहीत नाही. पण मला ते पहिल्यापेक्षा नीट ऐकू आलं.

तिच्या मागोमाग आली माझी पुतणी. तिचा नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. आधी ती शेजारच्या काकूंसमोर वाकली, आणि काकूंच्या तोंडून सवयीनं निघालंच, “अखंड सौभा...” पुढे सगळी खोली गप्प. काकूंचा चेहरा पडला. पुतणीनंच हसून सावरलं. मोठ्याआईंनी तिला जवळ ओढून म्हटलं, “सुखी राहा बाई. औक्षवंत हो.” समोरचीची परिस्थिती ठाऊक नसेल, तर हेच शब्द हाताशी ठेवावेत. लग्न झालेली, न झालेली, एकटी राहणारी, कोणालाही ते चालतात. कोणाला वगळत नाहीत, कोणाला दुखवत नाहीत.

एका पाहुण्याच्या बाबतीत मात्र मोठ्याआईंचा हात वर जात नाही. त्यांच्या माहेरी, काटोलकडे, भाचा मानाचा. त्यांचे भाऊ भाच्याला वाकू देत नाहीत, स्वतःच त्याच्या पाया लागतात. विदर्भात अजूनही बऱ्याच घरांत ही रीत आहे. त्या दिवशी साठीच्या मामांनी माझ्या दिराच्या सात वर्षांच्या नातवाला, नात्यानं त्यांच्या भाच्यालाच की, नमस्कार केला. पोरगं बावरलं. काय बोलायचं ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी म्हणालं, “असू दे, असू दे.”

आपण आशीर्वादाचे शब्द सहज बोलतो, पण जुन्या व्याकरणात त्यांच्या उच्चारावरही नियम आहे. नमस्काराला उत्तर देताना वाकणाऱ्याचं नाव घ्यावं आणि त्या नावाचा शेवटचा स्वर लांबवावा, तीन मात्रा. ‘आयुष्मान् एधि देवदत्ताऽऽ’, असा. पण हा नियम सांगणाऱ्या पाणिनीच्या सूत्रातच अट आहे, शूद्राला वगळून. पुढे त्या सूत्रावरच्या पुरवणी नियमानं, म्हणजे वार्तिकानं, स्त्रियांनाही वगळलं. म्हणजे आशीर्वाद सगळ्यांना, पण नाव लांबवण्याचा मान काहींनाच.

मनुस्मृतीतही तोच नियम आहे, आणि तिथंच नमस्काराचं फळ सांगणारा प्रसिद्ध श्लोक आहे. नित्य अभिवादन करणाऱ्याच्या चार गोष्टी वाढतात, आयुष्य, विद्या, यश आणि बळ. पण जवळजवळ हाच श्लोक पालीत धम्मपदातही आहे. ‘अभिवादनसीलिस्स निच्चं वुड्ढापचायिनो’. तिथं वाढणाऱ्या चार गोष्टी आयु, वण्ण, सुख आणि बल. वण्ण म्हणजे कांती. दोन्हीकडे पहिलं आयुष्य आणि शेवटी बळ. मधल्या दोन जागी एकीकडे विद्या आणि यश, तर दुसरीकडे कांती आणि सुख. मनुस्मृतीचं दहन बाबासाहेबांनी 1927 साली महाडला केलं, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीलाच, आपल्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ती पाली ओळ मी त्यानंतरच्या नागपुरात, माझ्या एका इंदोऱ्याच्या मैत्रिणीच्या घरी ऐकली. दान दिल्यावर भन्ते ती म्हणाले आणि शेवटी “आयु वण्णो सुखं बलं” आलं, तेव्हा मी मनात मोठ्याआईंचं ‘औक्षवंत हो’ ताडून पाहत होते.

तीच मैत्रीण त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परस्पर आमच्याकडे आली, आपल्या नातीला घेऊन. “जय भीम” झालं, चहा झाला. निघताना नात मोठ्याआईंपुढे वाकली. मोठ्याआईंना कानानं कमी ऐकू येतं. त्यांनी दोनदा नाव विचारलं. मग डोक्यावर हात ठेवून “औक्षवंत हो गं” म्हणाल्या आणि तिचं नाव घेतलं. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, शेवटचा स्वर चांगला तीन मात्रा लांबवून.