दहा रुपयांची मोड: अकरा प्रकार आणि एक तक्ता

[दृश्य: वरून कॅमेरा. लाकडी टेबलावर नाणी पसरताना.]

एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी. प्रत्येक हवी तितकी आहेत. यांतून दहा रुपये किती प्रकारे देता येतील?

[दृश्य: दहा रुपयांची वेगवेगळ्या नमुन्यांची नाणी शेजारी शेजारी. एकाच्या सालाखालचं चौकटीचं चिन्ह जवळून.]

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. दहाच्या नाण्याचे बरेच नमुने चलनात आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली असे १४ नमुने वैध असल्याचं सांगितलं होतं. सालाखालचं हे चौकटीचं चिन्ह मुंबईच्या टांकसाळीचं. आपल्या मोजणीत मात्र नमुना, साल, टांकसाळ काहीच धरायचं नाही. फक्त किंमत धरायची. नाणी कोणत्या क्रमाने ठेवली, तेही धरायचं नाही.

[दृश्य: हात नाण्यांचे गट मांडतो.]

सुचेल तसे गट मांडत गेलं, की एखादा दोनदा येतो आणि एखादा सुटतो. म्हणून मोठ्या नाण्यापासून खाली यायचं. दहाचं नाणं घेतलं, तर एक प्रकार. ते नको असेल, तर पाचची दोन, हा दुसरा. पाचचं एकच घेतलं, तर उरलेले पाच रुपये दोन आणि एकच्या नाण्यांतून भरायचे. त्यात दोनची दोन, एक किंवा शून्य नाणी बसतात, म्हणजे तीन प्रकार. पाचचं एकही नसेल, तर दोनची शून्यापासून पाचपर्यंत कितीही नाणी घेता येतात आणि बाकीचे रुपये एकच्या नाण्यांनी भरतात. ते सहा प्रकार. एक, एक, तीन आणि सहा मिळून अकरा.

[दृश्य: काळा फळा. खडूने चार ओळी, अकरा रकाने.]

रक्कम मोठी झाली, की टेबल पुरत नाही. मग हा तक्ता. रकाने शून्य ते दहा रुपयांचे. पहिल्या ओळीत फक्त एकचं नाणं, दुसरीत दोनचं सामील, तिसरीत पाचचं, चौथीत दहाचं.

शून्याच्या रकान्यात सगळीकडे एक लिहायचा, कारण काहीही न देणं हाही एक प्रकार आहे. तिथे शून्य लिहिलं, तर दहाच्या नाण्याने दहा रुपये पुरे होतात, हा प्रकार मोजायला जागाच राहत नाही. पहिली ओळ सगळी एकची, कारण एकच्या नाण्यांनी कोणतीही रक्कम एकाच प्रकारे होते.

[दृश्य: खडूचे दोन बाण, एक वरून, एक डावीकडून.]

पुढचे घर भरताना दोन आकडे मिळवायचे. एक, बरोबर वरच्या घरातला: नवं नाणं न वापरता होणारे प्रकार. दुसरा, त्याच ओळीत नव्या नाण्याच्या किमतीइतकी घरं मागे गेल्यावर मिळणारा: नवं नाणं निदान एकदा वापरून होणारे. दोनची ओळ अशी भरते: १, १, २, २, ३, ३, ४, ४, ५, ५, ६. पाचच्या ओळीत दहा रुपयांच्या घरी वरून सहा येतात आणि पाच घरं मागून चार, म्हणजे दहा. दहाच्या ओळीत त्यात शून्याच्या घरातला एक मिळतो. अकरा.

[दृश्य: एक बाण पुसून वरच्या ओळीत वळवला जातो.]

इथे नीट बघा. मागचं घर *त्याच* ओळीतलं हवं. बाण चुकून वरच्या ओळीत गेला, तर दोन आणि पाचचं नाणं प्रत्येकी एकदाच वापरता येतं. मग उत्तर येतं पाच. पाच अधिक पाच हा साधा प्रकारही त्यात सापडत नाही, तिथेच चूक कळते.

[दृश्य: टेबलावर दोन-दोन-एक, दोन-एक-दोन, एक-दोन-दोन.]

दुसरी चूक जास्त फसवी, कारण तिचा तक्ता दिसायला ठीक असतो. नाण्यांच्या ओळी न करता एकच ओळ घेतली आणि प्रत्येक रकमेला सगळी नाणी एकदम लावली, तर हे तिन्ही गट वेगळे मोजले जातात. पाच रुपयांचे चार प्रकार व्हायला हवेत, तिथे नऊ होतात. दहाचे अकराऐवजी १२९. म्हणून रीत तपासायची, तर आधी पाच रुपयांवर. तिथे सगळे गट टेबलावर मांडून पाहता येतात.

हे आकडे खडूने, बाण काढत भरले, की प्रत्येक आकडा कुठून आला ते दिसतं. नुसतं उत्तर घोकलं, की वळलेला बाण नजरेतून सुटतो.

[दृश्य: वीसचं बारा कोनांचं नाणं टेबलावर येतं. फळ्यावर रकाने वाढत जातात.]

वीसचं नाणं घेऊन वीस रुपयांचे ४१ प्रकार. शंभर रुपयांचे ४१११.

[दृश्य: फळ्याचा शेवटचा रकाना. आवाज नाही, फक्त खडू.]