वहीतला नफा आणि वहीतली उलाढाल

नमस्कार श्रोतेहो. धंद्याची नोंदणी कधी करायची, असं बरेच जण विचारतात. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्यांचीच गोष्ट सांगतो.

ताई घरी कापडी पिशव्या शिवायच्या. एका शाळेनं एकदम चारशे पिशव्या मागवल्या, ताईंनी रात्री जागून शिवून दिल्या. शाळेचा हिशेबनीस म्हणाला, "बिल द्या, नोंदणी क्रमांकासकट." ताईंकडे होती एक वही. पुढच्या पानांवर पिशव्या, मागच्या पानांवर घरखर्च, आणि तोही पेन्सिलीनं. (पेन्सिलीनं हिशेब लिहिणाऱ्यांवर माझा भरवसा नाही, पण ते असो.) पैसे तीन महिने अडकले.

मी म्हटलं, "ताई, आधीच नोंदणी का नाही केलीत?"

"अहो, शंभरातले पंधरा उरतात मला. कसली नोंदणी आणि कसलं काय!"

चूक झाली ती इथं. करनोंदणीची मर्यादा सहसा नफ्यावर नसते, उलाढालीवर असते. पुन्हा सांगतो, किती उरले ते नाही बघत, एकूण किती विकलं ते बघतात. कित्येक ठिकाणी तर सरलेल्या बारा महिन्यांची बेरीज धरतात, म्हणून ती दर महिनाअखेरीस करून बघावी. आम्ही केली, तर ताईंनी मर्यादा चार महिन्यांपूर्वीच ओलांडलेली!

आता त्या चार महिन्यांचा कर कोण भरणार? गिऱ्हाइकाकडे परत मागता येईना. समजा कर शेकडा दहा. शंभराला विकलेल्या मालात तो आतच धरला, तर मालाचे साधारण एक्क्याण्णव आणि कराचे नऊ, म्हणजे नऊ गेले. पंधरातले सहा उरले. कापडाची बिलं जपली असती तर त्यावर भरलेला कर वजा झाला असता. ती कचऱ्यात गेली होती.

मर्यादा नाही ओलांडली, पण मोठं गिऱ्हाईक पक्कं बिल मागतंय, किंवा हाताखाली माणूस ठेवायचाय, तरी नोंदणीचं बघा. मात्र एकट्याच्या नावावरच्या नोंदणीनं धंद्याचं कर्ज तुमच्यापासून वेगळं होत नाही. त्यासाठी कंपनी लागते, तो विषय पुन्हा कधीतरी.

नोंदणीनंतर रोजचं काय बदलतं? बिलांना सलग क्रमांक. चुकलेलं बिल फाडायचं नाही, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायचं. मधला क्रमांक गायब दिसला की तपासणारा पहिलं तेच विचारतो. धंद्याचं खातं वेगळं. घरासाठी पैसे काढले तर तेही लिहायचे. आणि करापोटी घेतलेले पैसे आपले नव्हेत. पुन्हा सांगतो, ते आपले नव्हेत, भरायच्या तारखेपर्यंत फक्त आपल्याकडे ठेवलेले.

ताईंनी आता गल्ल्यात दोन डबे ठेवलेत. लहान डब्यावर चिठ्ठी आहे, 'हात लावू नये'. परवा विचारलं, ही चिठ्ठी कोणासाठी? म्हणाल्या, "माझ्यासाठीच."