कॉलरवरचा एल आणि शिवणीतली पट्टी

(गावच्या वाचनालयातल्या हिवाळी व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोडं आवरून.)

नमस्कार. विषय साधा आहे, चीनकडून येणाऱ्या कपड्यांवरचा साइज कसा वाचायचा. अध्यक्षांनी पाऊण तास दिला आहे. साडेनऊला थ्री फेज येते आणि अर्ध्या सभेला हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी आधी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा विषय माझ्या डोक्यातून खाली उतरत नाही.

तीन वर्षांपूर्वी आपलं भजन मंडळ प्रगटदिनाला पायदळ शेगावला निघालं होतं. माघातली पहाट, रस्ता शेतांमधून, थंडी हाडात शिरते. वर्गणी जमली आणि ठरलं की सगळ्यांना सारखी जॅकेटं घ्यायची. बावीस जॅकेटं. तालुक्याच्या एका दुकानदाराकडे ऑर्डर गेली. यादी मीच केली होती. प्रत्येकाची छाती टेपने मोजून समोर लिहिलं, हा एल, हा एक्सएल. टेपमध्ये माझी चूक नव्हती. तीस वर्षं शिवणकाम करतो आहे, माप घेताना बोट कुठं ठेवायचं ते मला कळतं.

निघायच्या दोन दिवस आधी गठ्ठा आला. देवळात सोडला. पहिलं जॅकेट आपल्या टाळकरी काकाजींनी घातलं. ते इथं बसले आहेत, त्यांच्या परवानगीनं सांगतो. हात आत गेले, पण चेन छातीवर येऊन अडकली. ते म्हणाले, “बाप्पा, हे तं माह्या नातवाचं आहे!” मग दुसऱ्यानं घातलं, तिसऱ्यानं घातलं. बावीसपैकी तीन जणांना बसलं, आणि तिघंही पोट्टे, कॉलेजात जाणारे.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “चायनाचा माल छोटाच येते भाऊ, दोन नंबर मोठा घ्यायले पायजे होता.” हे त्याला माहीत होतं, पण ऑर्डर घेताना तो बोलला नाही. याचा राग मला आजही आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की त्याचा सल्लाही चुकीचा होता. दोन नंबर मोठा घेऊन हे सुटत नाही. का सुटत नाही, तेच आज सांगायचं आहे.

त्या रात्री मी एक जॅकेट उलटं केलं. कॉलरला छान विणलेलं लेबल होतं, त्यावर एक्सएल. पण डाव्या बाजूच्या शिवणीत, आतल्या बाजूला, धुलाईच्या खुणांची पांढरी सॅटिनची पट्टी असते ना, जी टोचते म्हणून आपण कापून टाकतो, तिच्यावर छापलं होतं 180/96A. मी शाळेतल्या सरांकडे गेलो. त्यांनी आणि मी मिळून शोधाशोध केली, तेव्हा उलगडा झाला.

चीनमध्ये कपड्यांच्या मापाचं सरकारी मानक आहे, क्रमांक जीबी/टी १३३५. त्यात पुरुषांचा, बायांचा आणि मुलांचा भाग वेगळा. त्या पट्टीवर तीन गोष्टी असतात. पहिला आकडा माणसाची उंची, सेंटीमीटरमध्ये. तिरप्या रेघेनंतरचा आकडा छातीचा घेर, तोही सेंटीमीटरमध्ये. आणि तो कपड्याचा घेर नाही, माणसाच्या अंगाचा आहे. हे पक्कं लक्षात ठेवा. पॅंट असेल तर तिथं छातीऐवजी कंबर येते. शेवटचं अक्षर सांगतं की छाती आणि कंबर यांच्यात फरक किती.

म्हणजे 170/88A हे जॅकेट एकशेसत्तर सेंटीमीटर उंचीच्या, अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर छातीच्या माणसासाठी कापलेलं. तिकडच्या पुरुषी कपड्यात साधारणपणे हाच एम असतो. अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर म्हणजे साडेचौतीस इंचाच्या जरा वर. आपला एम घालणारा अडतीस-चाळीस छातीचा असतो. पुढची पायरी 175/92A, तो एल. त्याच्यापुढं 180/96A, तो एक्सएल, आणि शहाण्णव सेंटीमीटर म्हणजे जेमतेम अडतीस इंच. तर आपल्या मंडळाच्या जॅकेटवर एक्सएल लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. ज्यानं कापलं त्याच्या हिशेबात ती छाती एक्सएलचीच होती. एल, एक्सएल ही नावं आहेत, मापं नाहीत.

जाता जाता सांगतो, आपल्या देशानंही अंगमापांची मोजणी हाती घेतली. निफ्ट या संस्थेनं, इंडियासाइज नावानं, पंचवीस हजार माणसं स्कॅनरनं मोजायची असं ठरवलं, सहा शहरांत. त्यात मुंबई आहे, हैदराबाद आहे, शिलाँग आहे. नागपूर नाही. उन्हातान्हात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचा खांदा आणि नांगर धरणाऱ्याची पाठ कोणी मोजली पाहिजे की नाही? मला हे फार लागतं. असो, घड्याळ पाहतो.

आता त्या शेवटच्या अक्षराकडे या. पुरुषांच्या कपड्यात ए म्हणजे कंबर छातीपेक्षा बारा ते सोळा सेंटीमीटर कमी. बी म्हणजे सात ते अकरा कमी. सी म्हणजे दोन ते सहाच कमी. वाय म्हणजे सतरा ते बावीस कमी, पैलवानी अंग. त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या बावीस पट्ट्यांवर ए होता.

आपले काकाजी घ्या. उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे एकशेपासष्ट. छाती चाळीस इंच, म्हणजे एकशेएक-दोन सेंटीमीटर. पोटावर अडतीस, म्हणजे साडेशहाण्णव. दोघांतला फरक पाच. काकाजी सी आहेत. त्यांना दिलं 180/96A. छातीत पाच-सहा सेंटीमीटर कमी पडलं, त्यात आतून शर्ट आणि स्वेटर. चेन अडकणारच.

आता दुकानदाराचं ऐकून मोठं घेऊ. पुढची पायरी 185/100A. छाती बरीचशी जमली. पण ए असल्यामुळे हे जॅकेट चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी कंबरेच्या माणसासाठी आहे, आणि काकाजींचं पोट साडेशहाण्णव. चेन छातीपर्यंत येते, पण सुरुवात पोटापासून करायची असते! आणि हे जॅकेट एकशेपंच्याऐंशी उंचीचं. त्या मानकात उंचीच्या दर पाच सेंटीमीटरला हाताची लांबी दीड सेंटीमीटर वाढते. एकशेपासष्ट ते एकशेपंच्याऐंशी, चार पायऱ्या, सहा सेंटीमीटर. बाही सव्वादोन इंच लांब, बोटं दिसत नाहीत, टाळ कसे वाजवायचे? अजून मोठं घ्या, बाही अजून लांबेल. कारण त्या शिडीवर छाती आणि उंची बरोबरच चढतात. आपली माणसं उंचीला खालच्या पायरीवर आणि छातीला वरच्या पायरीवर असतात, त्यांना ही शिडीच चालत नाही. काकाजींना हवं होतं 165/100C किंवा त्याच्या जवळपासचं. तशी मापं त्या मानकात आहेत. आपल्याकडे मागवलीच जात नाहीत, कारण मागवणारा कॉलरचं लेबल पाहतो, पट्टी पाहत नाही.

मग काय केलं ते सांगतो. शिवण उसवून सोडावं म्हटलं, तर आत मायाच नाही. आपण ब्लाउजला, शर्टाला दोन्हीकडे इंचभर माया ठेवतो. कारखान्याचा माल ओव्हरलॉक मारलेला असतो, शिवणीत एक सेंटीमीटरही निघत नाही. म्हणून चौदा जॅकेटांच्या दोन्ही बाजूंना मुंढ्यापासून खालच्या घेरापर्यंत रेनकोटच्या नायलॉनची अडीच-अडीच इंचाची पट्टी घातली. कारभारीण आणि मी दोन रात्री बसलो. उरलेली पाच तीर्‍यातच अरुंद होती. खांद्यात कमी असलेलं जॅकेट बाजूनं कितीही वाढवा, हात वर होत नाही. ती पाच मुलांना वाटली आणि त्या पाच जणांनी घोंगडी नेली.

नऊ वाजून पाच झाले. मागून हात वर होत आहेत, तेव्हा बाकीचं भराभर सांगतो.

बायांच्या कपड्यावर 160/84A असेल तर तो तिकडचा एम, छाती तेहतीस इंच. बायांसाठी अक्षरांचे फरक वेगळे आहेत, ए म्हणजे चौदा ते अठरा, बी नऊ ते तेरा, सी चार ते आठ. ‘फ्री साइज’ लिहिलेल्या टॉपवर विसंबू नका, टेप लावा.

लेकरांच्या कपड्यावर ११०, १२० लिहिलेलं असतं, ती उंची आहे, सेंटीमीटरमध्ये. वय विसरा, पोराला भिंतीला उभं करा.

कोरियाच्या पुरुषी कपड्यावर ९५, १००, १०५ असतं, तो छातीचा सेंटीमीटर. जपानच्या मानकात पुरुषांचा एल शहाण्णव ते एकशेचार छातीचा, म्हणजे चीनच्या एलपेक्षा मोठा. ‘तिकडचा माल’ असा एक नसतोच.

मोबाइलवर मागवणाऱ्यांनी साइजचा तक्ता उघडून एमच्या समोरची छाती पाहायची. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास असेल तर तो अंगाचा तक्ता. एकशेचार-एकशेआठ असेल तर कपड्याचा. बावन्न-चौपन्न असेल तर कपडा सपाट ठेवून बगल ते बगल मोजलेलं, त्याची दुप्पट करायची. कपड्याचा तक्ता असेल तर घरातला नीट बसणारा शर्ट खाटेवर पसरा, बटणं लावा, मुंढ्याच्या खाली आडवा टेप लावा, दुप्पट करा आणि ताडून पाहा. शर्टाला अंगापेक्षा दहा सेंटीमीटर तरी जास्त हवेत, स्वेटरवरून घालायच्या जॅकेटला पंधराच्या वर. तीराही, म्हणजे खांदा ते खांदा, असाच शर्ट पसरून मोजा, फक्त तो दुप्पट करू नका. तो मागाहून वाढवता येत नाही. हातानं मोजलेल्या तक्त्यात दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे होतात. काठावरचं माप असेल तर वरचं घ्या, बाही कापता येते.

दुकानातून घेत असाल तर कॉलरचं लेबल सोडा, कपडा उलटा करा, डाव्या शिवणीत पाहा. पट्टी कापून टाकलेली असेल तर दुकानदाराला विचारा, का कापली?

टेप आणला आहे. मावशी, तुम्ही लेकासाठी मागवलेल्या जॅकेटची पट्टी सोबत आणली म्हणालात ना, ती इकडं द्या. बाकीच्यांनी मोटर लावायला निघायला हरकत नाही.