दिन की दीन?

नमस्कार श्रोतेहो. सातवीतल्या एका मुलाने निबंधाला शीर्षक दिलं होतं, ‘आमच्या शाळेतील प्रजासत्ताक दीन’. वाचून दाखवलं तर यात चूक ऐकूच येत नाही. चूक आहे ती वेलांटीत. दुसरी वेलांटी दिली की ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. दिवस या अर्थाच्या ‘दिन’ला पहिली वेलांटी लागते.

हा निष्काळजीपणा नव्हता. मुलाने नियमच पाळला होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. म्हणून वीट, पीक, सूत, शीर. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं मूळ रूप सोडत नाहीत. ‘दिन’ त्यांपैकी एक. म्हणूनच पीक म्हणजे शेतातलं, आणि पहिल्या वेलांटीचा पिक म्हणजे कोकिळ. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा.

मग मुलाने ओळखायचं कसं? कान इथे मदत करत नाही, म्हणून शब्दाचे नातेवाईक शोधायला सांगा, तेही त्याच्या रोज डोळ्यांसमोर असणारे. वहीच्या पानावर ‘दिनांक’ छापलेला असतो, भिंतीवर दिनदर्शिका असते. दोन्हींत पहिली वेलांटी. ‘दीन’चा नातेवाईक ‘दीनवाणा’. डोकं या अर्थाच्या ‘शिर’ला ‘शिरच्छेद’ जोडून द्या. मुलाच्या जुन्या निबंधांतून त्याच्याच चुकलेल्या पाच-सहा जोड्या काढा आणि प्रत्येक शब्दासमोर असा एक नातेवाईक लिहून घ्या. दुसऱ्याची लांबलचक यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही, असं मला वाटतं.

आता खरी अडचण. प्रत्यय लागला की मराठी शब्दातला हा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो. शीर, पण ‘शिरेतून सलाईन दिलं’. ते पाहिलेलं मूल पुढे ‘शिर सुजली’ लिहितं. तेव्हा प्रत्यय काढून शब्द सुटा करायचा, मग वेलांटी ठरवायची. ‘दीन’ मात्र संस्कृत, तो बदलत नाही: ‘दीनांची सेवा’. आणि ‘सुताला’ लिहिलं, तर तो मुलगा की धागा हे अक्षरं सांगत नाहीत, वाक्यच सांगतं.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. श्रुतलेखनात या जोड्यांतला सुटा शब्द घालू नका. नुसतं ‘दिन’ ऐकून मुलाने कोणता लिहायचा? पूर्ण वाक्य सांगा.

जवळ पेन्सिल असेल तर हे लिहा: ‘पीक आडवं झालं, पिकाबरोबर शेतकरीही दीन झाला.’ लिहून झालं? ‘पीक’ला दुसरी वेलांटी, ‘पिकाबरोबर’मध्ये ‘पि’ला पहिली, आणि ‘दीन’ला दुसरी.