वर्डमधली पोटयादी मार्कडाउनमध्ये नेताना

मंडळी, वर्डमधून यादी उचलून साध्या मजकुरात चिकटवली की पहिली गोष्ट हरवते ती म्हणजे डावीकडची मोकळी जागा. आपल्याला ती जागा दिसते म्हणून ती मजकुरातच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे एकही स्पेस नसते. कुठला परिच्छेद किती आत सरकवायचा हा त्या परिच्छेदाचा गुणधर्म असतो, आणि साधा मजकूर असे गुणधर्म सोबत नेत नाही. मागे उरतं ते बुलेटचं चिन्ह, त्यापुढे एक टॅब आणि मग मजकूर.

एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभेची टिपणं घेऊ. वर्डमध्ये व्यवस्थित तीन पातळ्या होत्या, नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर हे आलं:

```
•	पाणीपुरवठा
o	टाकी सफाई
▪	गच्चीवरची टाकी
▪	तळघरातली टाकी
o	मोटार दुरुस्ती
•	पार्किंग
```

हे असंच मार्कडाउनमध्ये टाकलं तर सहाही ओळी एकाच परिच्छेदात गोळा होतात. मार्कडाउनला यादीसाठी `-`, `*` किंवा `+` लागतं, `•` हे त्याच्या लेखी एक साधं अक्षर आहे. आणि नुसत्या एका एंटरने तिथे नवीन परिच्छेद सुरू होत नाही.

पण पातळीची माहिती पूर्णपणे गेलेली नाही, ती चिन्हात शिल्लक आहे. वर्डच्या नेहमीच्या यादीत पहिल्या पातळीला भरीव गोल ठिपका, दुसरीला पोकळ गोल, तिसरीला छोटा चौकोन असतो. तो पोकळ गोल म्हणजे कूरियर न्यू फॉन्टमधलं इंग्रजी `o` आहे, म्हणून चिकटवल्यावर चक्क `o` दिसतं. चौकोन विंगडिंग्ज फॉन्टमधून येतो, त्यामुळे कधी `▪`, कधी `§`, तर कधी अनोळखी चौकट दिसते. ते सगळं तिसरी पातळीच समजायचं.

मग चिन्हांचा तक्ता करून ठेवावा का? करता येईल, पण लोक बाणाचे नाहीतर बरोबरच्या खुणेचे बुलेट निवडतात आणि तक्ता अपुरा पडतो. त्यापेक्षा क्रमावर भरवसा ठेवलेला बरा. वरून खाली वाचत जायचं. नवं चिन्ह दिसलं की एक पातळी आत जायचं, आणि आधी येऊन गेलेलं चिन्ह दिसलं की त्या चिन्हाच्या पातळीवर परत यायचं आणि त्याच्या आतल्या पातळ्यांची चिन्हं विसरून जायची. पायथनमध्ये एवढंच लागतं:

```python
import re
stack = []
for line in open("in.txt", encoding="utf-8"):
    m = re.match(r"(\S)\t\s*(.+)", line)
    if not m:
        print("    " * len(stack) + line.strip())
        continue
    mark, text = m.groups()
    if mark in stack:
        del stack[stack.index(mark) + 1:]
    else:
        stack.append(mark)
    print("    " * (len(stack) - 1) + "- " + text)
```

टॅबची अट मुद्दाम घातली आहे. ती काढली तर `o`ने सुरू होणारी इंग्रजी ओळही बुलेट ठरू शकते. मजकूर वाटेत ईमेलमधून आला असेल तर टॅबच्या जागी स्पेस झालेल्या असू शकतात, म्हणून आधी ते तपासा. बुलेट नसलेली ओळ हा प्रोग्राम आधीच्या मुद्द्यालाच जोडतो. शिफ्ट-एंटरने तोडलेल्या ओळीसाठी ते बरोबर आहे, पण यादी संपून नवा परिच्छेद सुरू झाला असेल तर चूक. साध्या मजकुरात दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे तिथे माणसानेच बघायला हवं.

प्रत्येक पातळीला चार स्पेस का, दोन का नाहीत? कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे गिटहबवरही, पोटमुद्दा वरच्या मुद्द्याचा मजकूर जिथे सुरू होतो तिथपर्यंत आत हवा. `- ` नंतर ते अंतर दोन भरतं, `1. ` नंतर तीन. म्हणून आकड्यांच्या यादीखाली दोन स्पेस दिल्या की पोटयादी बाहेर फेकली जाते. पायथन-मार्कडाउन ही लायब्ररी मात्र चार स्पेसच मागते, दोन दिल्या तर पोटमुद्द्याला वरच्या मुद्द्याच्याच रांगेत बसवते. चार स्पेस दोन्हीकडे चालतात. आकड्यांचं निघालंच आहे तर आपल्यासाठी आणखी एक: वर्डने `१.` असा देवनागरी आकडा दिला असेल तर कॉमनमार्क त्याला यादी मानत नाही, `1.` करावंच लागतं. वरचा प्रोग्राम आकड्यांच्या याद्यांसाठी नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीचं चिन्ह बदलतं.

आता खरी अडचण. वर्डमध्ये नऊ पातळ्या असतात, पण नेहमीच्या यादीत चिन्हं तीनच, आणि ती पुन्हा पुन्हा फिरतात. चौथ्या पातळीला परत भरीव ठिपका येतो. समजा सोसायटीच्या टिपणात गच्चीवरच्या टाकीखाली आणखी एक पातळी आहे:

```
▪	गच्चीवरची टाकी
•	झाकण बदलणे
•	गाळ काढणे
▪	तळघरातली टाकी
```

आपल्या प्रोग्रामला `•` ओळखीचं आहे, म्हणून तो थेट पहिल्या पातळीवर जातो. पुढच्या `▪`ला तो नवं समजून एक पातळी आत घालतो. गच्चीवरच्या टाकीच्या ओळीनंतर हाती येतं ते असं:

```
- झाकण बदलणे
- गाळ काढणे
    - तळघरातली टाकी
```

तळघरातली टाकी गाळाच्या पोटात गेली आणि झाकण पाणीपुरवठ्याच्या बरोबरीला येऊन बसलं. कुठेही एरर नाही, पानावर यादी अगदी नीटनेटकी दिसते. मला या कामातली हीच चूक सगळ्यात वाईट वाटते, कारण नजर फिरवून ती सापडत नाही, वाचावं लागतं.

तरी एक खूण मिळते. `•` नंतर मध्ये `o` न येता थेट `▪` आलं तर थांबा. तो ठिपका पहिल्या पातळीचा असता तर त्याखाली आधी `o` यायला हवं होतं. पहिलीवरून तिसरीवर उडी लोक क्वचितच मारतात, म्हणजे तो ठिपका बहुतेक चौथ्या पातळीचा आहे. उलट, अशा ठिपक्यानंतर पुढे `o` आलं तर मात्र ही खूण उपयोगी नाही. ते `o` दुसऱ्या पातळीवर परत आलेलं असेल, पाचवीवर उतरलेलं असेल किंवा खरोखरच पहिल्या पातळीच्या ठिपक्याखालचं असेल. चिन्हांवरून याचा निकाल लागत नाही, मजकुराचा अर्थच बघावा लागतो. चार पातळ्यांची यादी असेल आणि मूळ फाइल तुमच्या हातात असेल, तर कॉपी करण्याआधी वर्डमध्येच चौथ्या पातळीला वेगळं चिन्ह देऊन टाका. मग प्रोग्राम चुकत नाही.

अर्थात मूळ फाइल हातात असेल तर चिकटवाचिकटवी करूच नये असं माझं मत आहे. `.docx` ही खरं तर झिप फाइल असते, आणि तिच्या आत यादीतल्या प्रत्येक परिच्छेदाची पातळी `w:ilvl` या नावाने शून्य ते आठ अशी लिहिलेली असते. फाइलचं स्वरूप बदलून देणारा पॅनडॉक हा प्रोग्राम ती थेट वाचतो:

```
pandoc sabha.docx -t gfm -o sabha.md
```

इथे चिन्ह कुठलं आहे याने काही बिघडत नाही. बिघडतं ते टॅब दाबून पातळी न बदलता वरची रूलरपट्टी ओढून ओळ आत सरकवलेली असेल तेव्हा. अशी ओळ डोळ्यांना पोटमुद्दा दिसते, पण फाइलमध्ये तिची पातळी शून्यच राहते आणि पॅनडॉक तिला पहिल्या रांगेत बसवतो. ओळखायचं कसं? वर्डमध्ये अशा आत सरकवलेल्या ओळीचं बुलेट बघा. पोकळ गोल असायला हवा तिथे भरीव ठिपका असेल तर ती पट्टी ओढून सरकवलेली असण्याची दाट शक्यता आहे. तिच्यावर क्लिक करून होम टॅबमधल्या बुलेटच्या मेनूतून ‘चेंज लिस्ट लेव्हल’ने पातळी द्या, मग पॅनडॉक चालवा.