पगारवाढ मागण्याआधीची डायरी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी बरीच वर्षं वर्क्स मॅनेजर होतो. पगारवाढ मागायला येणारी बहुतेक मुलं एकच सांगायची, "साहेब, वर्षभर खूप राबलोय." ते खरंही असायचं. पण तेवढ्यावर मालकांपुढे त्यांची बाजू मांडायला माझ्या हातात काहीच नसायचं, आणि याची मला खंत वाटायची.

खानापूरहून रोज येणारा एक सीएनसी सेटर मात्र डायरी घेऊन आला. जॉब बदलताना मशीन किती वेळ थांबतं, ते त्यानं रोज टिपलं होतं. आधी एका सेटिंगला 90 मिनिटं लागायची. पुढच्या जॉबची हत्यारं आणि जॉज तो आधीच ट्रॉलीवर लावून ठेवू लागला आणि तोच वेळ 50 मिनिटांवर आला. दिवसाला तीन सेटिंग, म्हणजे दोन तास वाचले. पंचवीस दिवसांचे 50 तास. आमच्याकडे मशीनचा तासाचा दर 400 रुपये धरत, म्हणजे महिन्याला 20,000.

मी विचारलं, "वाचलेल्या तासांत मशीन चाललं का?" इथंच बऱ्याच जणांचा हिशेब कोसळतो. ऑर्डर नसेल तर वाचलेला तास मोकळाच जातो, मालकाच्या खिशात काही पडत नाही. त्यानं तेही पाहिलं होतं. पूर्वी बाहेर जॉबवर्कला जाणारं काम ऑक्टोबरपासून आत होऊ लागलं होतं, पण ते 30 तासांपुरतंच. म्हणून त्यानं स्वतःच आकडा 12,000 वर आणला, वीज आणि इन्सर्टचा खर्च वजा केला आणि 22,000 पगारावर 4,000 ची वाढ मागितली. असा स्वतःहून कमी केलेला आकडा मालक खोडत नाहीत. एक गोष्ट मला फार आवडली: डायरीत वेळा आणि जॉब नंबर होते, गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगचा एकही फोटो नव्हता. तो काढला असता तर वाढ बाजूलाच, नोकरीवर बेतलं असतं.

तो आला जानेवारीच्या मध्यावर. वाढ एप्रिलच्या पगारात दिसते, पण आमच्याकडे यादी फेब्रुवारीतच पक्की व्हायची. मार्चमध्ये येणाऱ्याला मी फक्त "पुढच्या वर्षी बघू" म्हणू शकायचो. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हाही कुणी धड ऐकून घेत नाही.

आणखी एक. कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता 1 एप्रिलपासून बदलतो. आमच्याकडे तो सगळ्यांनाच मिळायचा, म्हणून त्यानं आपली मागणी त्यापासून वेगळी लिहून दिली होती.

मालकांनी 3,000 लगेच मान्य केले. उरलेले 1,000 दुसऱ्या पाळीच्या सेटरला ही पद्धत शिकवल्यावर, ऑक्टोबरपासून. ती तारीख त्यानं पत्रात लिहून घेतली.