गाणं कवा चालू हुतंय?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय : आलापात शब्द का नसतात. त्याकडे येतोच, पण आधी माझी एक तक्रार ऐका.

खानापूरकडच्या एका गावात गणेशोत्सवात ख्यालगायन ठेवलं होतं. गायकानं तानपुरे लावून घेतले, डोळे मिटले आणि भूप राग सुरू केला. षड्ज लावला, खाली मंद्र धैवतावर जाऊन परत आला, मग रिषभावरून गंधारावर येऊन थांबला. तेवढ्यात मंडळाचा एक उत्साही कार्यकर्ता माईकवर आला आणि म्हणाला, ‘आवाज तपासून झाला की कार्यक्रमाला सुरुवात होईल, कृपया शांतता राखावी.’ (हशा) हसताय काय! माझ्या शेजारचे गृहस्थ तर तबलजीकडे बोट दाखवून मला म्हणाले, ‘काय ओ, गाणं कवा चालू हुतंय? तो नुसता बसलाय बघा की.’ तबलजी मांडीवर हात ठेवून बसला होता, हे खरंच. आणि मागच्या दोन रांगा तोवर चहाला गेल्या.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दोन रांगा परत आल्या तेव्हा महत्त्वाचं सांगून झालं होतं. कसं ते भूपावरच दाखवतो. भूपात पाचच स्वर : सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता गंमत अशी, की देसकार रागातही हेच पाच स्वर, तेही सगळे शुद्धच. पेटीवर वाजवायला बसलात तर पट्ट्या त्याच. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा. मग फरक कुठे? वस्ती कुठे आहे, त्यात. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. सा, ध़ सा, रे ग... (गाऊन दाखवतात) बघा, फिरून फिरून गंधारावर विसावतो, आणि खालच्या धैवताला स्पर्श करून षड्जावर येतो. सगळा कारभार सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देसकाराचा वादी धैवत. ग प ध, ध प... (गातात) रिषभाला फारसं कुणी विचारत नाही, आणि मधल्या सप्तकातल्या धैवतावर बसल्याबसल्या नजर वरच्या षड्जाकडे.

म्हणून भूप गाताना कुणी धैवतावर जास्त रेंगाळला की जाणकार एकमेकांकडे बघतात : हा देसकारात शिरला! तुम्हाला स्वरज्ञान नसलं तरी एक करा. गायक श्वास सोडायला कुठे थांबतो, तेवढंच ऐका. दोन-तीनदा तीच जागा आली की राग कुठे राहतो ते कळलं.

हे घर दाखवण्याचं काम म्हणजे सुरुवातीचा आलाप. ख्यालात तो बहुधा थोडक्यात असतो, काही गायक दोन-चार स्वरसमूह घेऊन सरळ बंदिशीत शिरतात. बंदिश सुरू झाल्यावरही आलाप चालू राहतोच, फक्त तेव्हा तबला सोबत असतो. ध्रुपदात मात्र तो अर्धा तास, कधी त्याहून जास्त चालतो.

जाता जाता. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, घर कन्नड. आयुष्य गेलं देवासला, गायले हिंदी, माळवी, मराठी. आपल्याकडे पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून गाव पेटतं, पण आलाप कानडी की मराठी, हे अजून कुणी कोर्टात नेलेलं नाही. (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. तर शब्द का नाहीत.

एक, शब्द आला की मात्रा आली. बंदिशीचं प्रत्येक अक्षर ठरल्या मात्रेवर पडायचं असतं आणि मुखडा समेवर पोचवायचा असतो. गंधारावर हवं तेवढं थांबायची मोकळीक तिथे नाही. सुरुवातीच्या आलापात ठेका नाही, सम नाही. तबलजी म्हणूनच बसलेला असतो.

दोन, व्यंजन आवाज अडवतं. पंचमावरून गंधारावर मींड घेताना, म्हणजे न तुटता घसरत येताना, मध्ये ‘त’ किंवा ‘प’ आला तर क्षणभर श्वास बंद होतो, मींड तुटते. आकारात घसा उघडा राहतो, स्वर सलग जातो. घरी म्हणून बघा.

तीन, अर्थ. ‘पिया’ म्हटलं की कान पियाच्या मागे जातो. गंधार राहतो बाजूला.

पण शब्द नाहीत म्हणजे अक्षरंच नाहीत असं नव्हे. ध्रुपदात री, त, न, नोम, तोम असतात, आणि आग्रा घराण्यानं ही नोमतोम ख्यालापूर्वीही जपली. मघाशी व्यंजन अडवतं म्हणालो, इथे तोच अडथळा कामाला येतो : आलापाच्या पुढच्या, जोड-झाला नावाच्या भागांत लय चढायला लागली की तबला नसताना आघात द्यायला काहीतरी हवं, ते ही अक्षरं देतात. अर्थ नसल्यानं कानही भरकटत नाही.

तराण्याबद्दल कुणी विचारत होतं ना? त्यात तसलीच अक्षरं असतात, पण तो तालात बांधलेला असतो, म्हणून आलाप नव्हे. बाकीचं चहाला बोलू, खाली कुंदा ठेवलाय.